स्तर करायचे की क्लस्टर? व्हेरियन्स कोणत्या निवडीने कमी होतो हे ठरवायची रीत

सर्वेक्षणाच्या आराखड्यावरचा प्रश्न साधारण असा येतो: तालुक्यात इतकी गावं, प्रत्येक गावात इतके शेतकरी, सोयाबीनचं एकरी सरासरी उत्पादन काढायचं आहे, स्तरित नमुना घ्याल की क्लस्टर नमुना, आणि का? उत्तरात बहुतेक जण दोन्हींच्या व्याख्या लिहितात आणि शेवटी 'स्तरित नमुना अधिक अचूक असतो' असं ठोकून देतात. हे विधान नेहमी खरं नसतं. गुण 'का' या शब्दाला असतात. प्रत्यक्ष सर्वेक्षणात पैसेही त्याच 'का'वर वाचतात किंवा बुडतात.

दोन्ही पद्धतींत लोकसंख्येचे गट पाडावे लागतात, म्हणून गोंधळ होतो. फरक गट पाडल्यानंतर सुरू होतो. स्तरित निवडीत प्रत्येक गटातून काही जण घेतो. क्लस्टर निवडीत काही गट घेतो आणि त्या गटांतले सगळे जण मोजतो. प्रश्न वाचताना 'प्रत्येक' आणि 'सगळे' हे शब्द कुठे बसलेत तेवढं आधी पाहा. 'शाळेच्या प्रत्येक तुकडीतून पाच मुलं' हा स्तरित नमुना. 'पाच तुकड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि त्यांतल्या सगळ्या मुलांची उंची मोजली' हा क्लस्टर नमुना.

नऊ शेतांचं उदाहरण, हाताने करून पाहण्याजोगं

खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशोब पूर्ण आहे. कागद-पेन घेऊन सोबत करा. एकदा हा हिशोब हाताखालून गेला की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

तीन गावं, प्रत्येकात तीन शेतं. एकरी उत्पादन क्विंटलमध्ये:

```
गाव अ:  4   5   6     सरासरी 5
गाव ब:  7   8   9     सरासरी 8
गाव क: 10  11  12     सरासरी 11
```

नऊ शेतांची खरी सरासरी ८. आपल्याला फक्त तीन शेतं मोजता येतात, आणि आपण मोजलेली सरासरी त्या ८ च्या आजूबाजूला किती हेलकावे खाईल हे पाहायचं आहे. त्या हेलकाव्यांचं माप म्हणजे अंदाजाचा व्हेरियन्स.

आधी साधा यादृच्छिक नमुना, म्हणजे नऊ चिठ्ठ्यांतून तीन. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ६०, ती नऊ वजा एक म्हणजे ८ ने भागून S² = ७.५. नऊपैकी तीन घेतल्यामुळे सुधारणेचा गुणक १ − ३/९, म्हणजे २/३. व्हेरियन्स = २/३ × ७.५ ÷ ३ = १.६७.

आता प्रत्येक गाव हा स्तर माना आणि प्रत्येकातून एक शेत घ्या. गावाच्या आत शेतं एकमेकांसारखी आहेत, प्रत्येक गावात S² फक्त १. गावाचं वजन १/३, म्हणजे वर्ग १/९. एका गावाचा वाटा १/९ × २/३ × १, आणि अशी तीन गावं. व्हेरियन्स = ०.२२.

शेवटी तीच गावं क्लस्टर माना. एक गाव चिठ्ठीने काढा आणि त्यातली तिन्ही शेतं मोजा. उत्तर ५ येईल, ८ येईल किंवा ११ येईल. दुसरं काही येऊच शकत नाही. व्हेरियन्स = (९ + ० + ९) ÷ ३ = ६.

तीनही वेळा मोजली तीनच शेतं, पण व्हेरियन्स १.६७, ०.२२ आणि ६. इथपर्यंत 'स्तरित नमुना अधिक अचूक' हे विधान खरं वाटतं. आता शेतं तीच ठेवून फक्त गावांतली वाटणी बदला:

```
गाव अ:  4   9  11     सरासरी 8
गाव ब:  5   7  12     सरासरी 8
गाव क:  6   8  10     सरासरी 8
```

साध्या नमुन्याला गावांशी देणंघेणं नाही, त्याचा व्हेरियन्स १.६७ च राहतो. क्लस्टर निवडीत मात्र कोणतंही गाव आलं तरी उत्तर ८. व्हेरियन्स शून्य! आणि स्तरित निवडीत गावांच्या आतले S² आता १३, १३ आणि ४; व्हेरियन्स = १/९ × २/३ × ३० = २.२२. म्हणजे इथे स्तरित नमुना साध्या नमुन्यापेक्षाही वाईट निघाला.

असं का झालं? नऊ शेतांचा एकूण विखुरलेपणा (फरकांच्या वर्गांची सरासरी, ६० ÷ ९ = ६.६७) दोन भागांत फुटतो: गावागावांतला आणि गावाच्या आतला. पहिल्या वाटणीत गावागावांत ६ आणि आत ०.६७. दुसऱ्या वाटणीत गावागावांत ० आणि आत ६.६७. बेरीज दोन्हीकडे सारखीच. स्तरित निवडीत प्रत्येक गावाचा प्रतिनिधी हमखास असतो, म्हणून गावागावांतला फरक अंदाजात शिरतच नाही; राहतो तो आतला. क्लस्टर निवडीत निवडलेलं गाव पूर्ण मोजलेलं असतं, म्हणून आतला फरक शिरत नाही. राहतो तो गावागावांतला.

म्हणून गट निवडताना दोन्ही पद्धतींची मागणी एकमेकींच्या उलट असते. स्तर आतून एकजिनसी आणि एकमेकांपासून वेगळे हवेत. क्लस्टर आतून सरमिसळ आणि एकमेकांसारखे हवेत. जो गट स्तर म्हणून उत्तम, तोच क्लस्टर म्हणून सर्वांत वाईट. परीक्षेतला 'का' इथे संपतो.

पहिली पायरी: स्तर कशावर पाडायचे

स्तर ज्या गोष्टीवर पाडायचे तिचा मोजायच्या गोष्टीशी संबंध हवा आणि ती सर्वेक्षणाआधी यादीत माहीत हवी. सोयाबीनच्या उत्पादनासाठी जमिनीचा पोत आणि सिंचन हे उपयोगी स्तर. आडनावाच्या पहिल्या अक्षरावर पाडलेले स्तर म्हणजे वरच्या दुसऱ्या वाटणीसारखे, कष्ट आहेत पण फायदा नाही. मोठ्या लोकसंख्येत असे निरर्थक स्तर फारसं नुकसान करत नाहीत. नऊ शेतांत नुकसान डोळ्यांत भरलं ते आकार लहान असल्यामुळे.

खरं नुकसान होतं ते स्तरांत नमुना वाटताना. एक उदाहरण घेऊ. तालुक्यात ८० टक्के लहान शेतकरी. त्यांनी हंगामात विकलेल्या सोयाबीनची सरासरी १० क्विंटल, प्रमाण विचलन ५. उरलेले २० टक्के मोठे शेतकरी. सरासरी ४०, प्रमाण विचलन ३०. एकूण १०० जणांना विचारायचं आहे, आणि लोकसंख्या मोठी असल्यामुळे सुधारणेचा गुणक सोडून देऊ.

साध्या नमुन्यात आतला फरक ०.८ × २५ + ०.२ × ९०० = २००, आणि दोन स्तरांमधला फरक ०.८ × ०.२ × ३०² = १४४. एकूण ३४४, भागिले १००, व्हेरियन्स ३.४४. लोकसंख्येच्या प्रमाणात ८० लहान आणि २० मोठे घेतले तर १४४ चा भाग गळतो आणि व्हेरियन्स २ वर येतो. प्रमाणशीर वाटणीत फायदा नेमका तेवढाच असतो, जेवढा स्तरांच्या सरासऱ्यांमध्ये फरक असतो.

येर्झी नेमन यांनी १९३४ साली मांडलेली वाटणी याच्याही पुढे जाते. नमुना स्तराच्या वजनाच्या आणि त्याच्या प्रमाण विचलनाच्या गुणाकाराप्रमाणे वाटायचा. इथे ते गुणाकार ०.८ × ५ = ४ आणि ०.२ × ३० = ६. म्हणजे ४० लहान आणि ६० मोठे. व्हेरियन्स = (४ + ६)² ÷ १०० = १. लोक सगळीकडे सारखेच शंभर, पण स्टँडर्ड एरर, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ, १.८५ वरून १ क्विंटलवर आला. ज्या स्तरात माणसं एकमेकांपासून फार वेगळी, तिथे जास्त माणसं विचारायची, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात नंतर सरासरी काढताना दोन्ही स्तरांना त्यांचं मूळ ०.८ आणि ०.२ हे वजन द्यायचंच. नाहीतर मोठ्या शेतकऱ्यांनी उत्तर फुगतं.

आता उलट करून पाहा. मोठे शेतकरी लवकर भेटत नाहीत म्हणून ९० लहान आणि १० मोठे घेतले. व्हेरियन्स = ०.६४ × २५ ÷ ९० + ०.०४ × ९०० ÷ १० = ०.१८ + ३.६ = ३.७८. साध्या नमुन्याच्या ३.४४ पेक्षा जास्त. स्तर उत्तम होते. वाटणीने घात केला. क्षेत्रावर हे नेहमी घडतं, कारण जो स्तर सर्वांत बदलता असतो तोच बहुधा गाठायला अवघड असतो. प्रमाण विचलन आधी माहीत नसेल तर मागच्या हंगामाचे आकडे किंवा वीस-तीस जणांची छोटी चाचणी पुरते. वाटणीत थोडी चूक झाली तरी चालतं. उलटी वाटणी चालत नाही.

दुसरी पायरी: क्लस्टरची किंमत मोजणं

खऱ्या गावांत शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. तोच पाऊस, तीच माती, तोच कृषी सेवा केंद्रवाला. म्हणून गाव हा क्लस्टर घेतला की मोजलेलं प्रत्येक पुढचं घर थोडी जुनीच माहिती पुन्हा देतं. हे सारखेपण ρ या संख्येने मोजतात, आणि सगळं गाव न मोजता निवडलेल्या प्रत्येक गावातून m घरं घेतली तर साध्या नमुन्याच्या तुलनेत व्हेरियन्स किती पट वाढतो ते या सूत्राने कळतं. त्या पटीला डिझाइन इफेक्ट म्हणतात:

```
deff = 1 + (m - 1) * rho
```

ρ ही गावाची संख्या नाही, प्रश्नाची आहे. त्याच गावांत मुलाच्या वयासाठी ती शून्याजवळ असू शकते आणि नळाच्या पाण्यासाठी खूप मोठी, कारण नळयोजना आली तर सगळ्या गावाला येते. समजा ४०० घरं घ्यायची आहेत, २० गावांतून २० घरं अशी. ρ = ०.०५ असलेल्या प्रश्नाला deff = १.९५, म्हणजे आपली ४०० घरं साध्या नमुन्यातल्या २०५ घरांच्या तोडीची. ρ = ०.३ असेल तर deff = ६.७, आणि तीच ४०० घरं जेमतेम ६० घरांच्या तोडीची. एकाच प्रश्नावलीतले दोन प्रश्न, पण एकाचा अंदाज घट्ट आणि दुसऱ्याचा ढिला.

मग क्लस्टर घ्यायचेच कशाला? पैशांसाठी आणि यादीसाठी. सगळ्या तालुक्यातल्या घरांची यादी हातात नसते, गावांची असते. निवडलेल्या गावात जाऊन तेवढ्याच घरांची यादी करता येते. आणि खर्च पाहा. समजा एका गावात पोचायला, यादी करायला ४,००० रुपये आणि एका घराच्या मुलाखतीला २०० रुपये. २० गावं आणि ४०० घरांचा खर्च १,६०,००० रुपये. तेवढ्याच पैशांत साधा नमुना घेतला आणि प्रत्येक घर वेगळ्या गावात पडलं, तर एका घराला ४,२०० रुपये लागतात, म्हणजे ३८ घरं. ρ = ०.०५ ला क्लस्टर नमुना २०५ घरांच्या तोडीचा, साधा नमुना ३८. ρ = ०.३ लाही ६० विरुद्ध ३८.

तेव्हा उत्तर लिहिताना हे दोन वाक्यांत मांडा: तेवढ्याच घरांत क्लस्टर नमुना बहुधा व्हेरियन्स वाढवतो, तेवढ्याच पैशांत बहुधा कमी करतो. कोणत्या आधारावर तुलना करतोय ते न लिहिलेलं उत्तर अर्धवट राहतं.

एका गावातून किती घरं घ्यावीत, याचंही सूत्र आहे: गावाचा खर्च भागिले घराचा खर्च, गुणिले (१ − ρ)/ρ, आणि त्याचं वर्गमूळ. इथे खर्चाचं गुणोत्तर २०. ρ = ०.०५ ला √(२० × १९), म्हणजे साधारण २० घरं. ρ = ०.३ ला √(२० × २.३३), म्हणजे ७ घरं. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच १,६०,००० रुपयांत २९ गावं आणि प्रत्येकी ७ घरं, एकूण २०३ घरं बसतात, deff २.८ आणि तोड साधारण ७२ घरांची. निम्मी घरं विचारूनही ६० च्या वर गेलो. शंका असेल तेव्हा गावं वाढवा, गावातली घरं कमी करा.

मोठ्या सर्वेक्षणांत हे हिशोब प्रत्यक्ष दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) प्रत्येक निवडलेल्या गावातून किंवा शहरी गणना गटातून २२ कुटुंबं घेतली. लसीकरणाच्या पाहणीत वर्षानुवर्षं वापरलेली '३० क्लस्टर, प्रत्येकी ७ मुलं' ही रीतही अशीच निघाली: प्रमाण ५० टक्के धरून १० टक्क्यांच्या आत अंदाज यायला साध्या नमुन्यात ९६ मुलं लागतात, deff २ धरून १९२, ती ३० क्लस्टरांत वाटली की ६.४, म्हणून ७.

क्लस्टर खरोखर व्हेरियन्स कमी करतो ती परिस्थिती

ρ ऋण असेल तेव्हा. याचं स्वच्छ उदाहरण घर हाच क्लस्टर घेतला तर मिळतं. प्रौढांतलं पुरुषांचं प्रमाण काढायचं आहे आणि प्रत्येक घरात एक जोडपं राहतं असं समजा. प्रत्येक घरात प्रमाण अर्धंच येणार, त्यामुळे घराघरांत फरक नाही आणि व्हेरियन्स शून्य. खऱ्या घरांत तो शून्य होत नाही, पण साध्या नमुन्यापेक्षा कमी राहू शकतो. हेच घर उत्पन्नासाठी मात्र वाईट क्लस्टर ठरेल.

शेतातही हे मुद्दाम घडवता येतं. जमीन नाल्याकडे उतरत असेल आणि खालच्या बाजूला पीक जोमदार असेल, तर पट्टे उताराच्या दिशेने लांब आखा. प्रत्येक पट्ट्यात वरची हलकी आणि खालची भारी जमीन दोन्ही येतात. पट्टे एकमेकांसारखे होतात. उताराला आडवे पट्टे आखले तर एक पट्टा सगळा हलका, दुसरा सगळा भारी, आणि ते स्तर म्हणून छान पण क्लस्टर म्हणून टाकाऊ. गट आखण्याचा अधिकार आपल्या हातात असेल तरच हे शक्य. गावांच्या शिवा आपण आखत नाही.

तिसरी पायरी: दोन्ही एकत्र

प्रत्यक्षात यांतलं एकच क्वचित निवडलं जातं. १९४० च्या दशकात पांडुरंग सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची जी पद्धत बसवली, तिचा सांगाडा आजही पिकांच्या उत्पादनाच्या सरकारी अंदाजात आहे. तालुका किंवा महसूल मंडळ हा स्तर. त्यातून चिठ्ठीने गावं. निवडलेल्या गावातून साधारणपणे दोन शेतं. आणि शेतात यादृच्छिक जागी पिकानुसार ठरलेल्या मापाचा प्लॉट. तालुक्यातालुक्यांतला फरक, म्हणजे कोरडा पट्टा आणि बागायती पट्टा, स्तरांनी बाहेर काढला. गावांत जाण्याचा खर्च क्लस्टरने आवाक्यात आणला. आणि गावात दोनच शेतं घेतल्यामुळे deff १ + ρ च्या पुढे जात नाही.

हाच आराखडा आपल्या तालुक्याला लावताना क्रम असा ठेवा: आधी गावांची यादी घ्या, गावांना सिंचन, पर्जन्य किंवा पोत यांवर स्तरांत घाला, प्रत्येक स्तरातून किमान दोन गावं काढा, मग गावात यादी करून घरं किंवा शेतं काढा. दोन गावांचा आग्रह यासाठी, की स्तरात एकच गाव असेल तर त्या स्तरातल्या गावागावांतला फरक मोजायला काहीच हातात राहत नाही. वर नऊ शेतांत आपण प्रत्येक स्तरातून एक शेत घेतलं आणि तरी व्हेरियन्स काढला, कारण सगळी नऊ उत्तरं आपल्याला ठाऊक होती. क्षेत्रावर ती नसतात.

एक मर्यादाही सांगतो. हे सगळे हिशोब विखुरलेपणाचे आहेत, उत्तर एकाच बाजूला झुकण्याचे नाहीत. फार छोटे प्लॉट घेतले तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन जास्त दिसतं, हे सुखात्मेंनी दाखवून दिलं होतं. ती चूक जास्त गावं घेऊन किंवा स्तर वाढवून जात नाही. फक्त चुकीचं उत्तर अधिक घट्ट होतं.

चौथी पायरी: विश्लेषणात आराखडा विसरू नका

सर्वांत जास्त चुका इथे होतात. क्लस्टरने माहिती गोळा करायची आणि मग साध्या नमुन्याचं सूत्र लावायचं. deff ४ असेल तर खरा स्टँडर्ड एरर दाखवलेल्याच्या दुप्पट असतो, आणि नसलेले फरक 'लक्षणीय' म्हणून छापले जातात. R मध्ये `survey` पॅकेजला आराखडा असा सांगतात:

```r
library(survey)
des <- svydesign(ids = ~gaon, strata = ~star,
                 weights = ~vajan, data = d, nest = TRUE)
svymean(~utpadan, des, deff = TRUE)
degf(des)
```

`ids` मध्ये पहिल्या टप्प्यावर चिठ्ठीने निघालेलं एकक द्यायचं, म्हणजे गाव. घराचा क्रमांक नाही. ही अदलाबदल झाली की नाही हे `degf` ने दिलेल्या स्वातंत्र्यमात्रांवरून लगेच कळतं. उत्तर निवडलेली गावं वजा स्तर एवढं यायला हवं. १२ स्तर आणि प्रत्येकी २ गावं असतील तर २४ − १२ = १२; तिथे हजाराच्या घरातला आकडा दिसला तर आज्ञावलीला गावं दिसलेलीच नाहीत. आणि १२ च स्वातंत्र्यमात्रा असल्यामुळे ९५ टक्के मर्यादा काढताना १.९६ ऐवजी २.१८ ने गुणायचं, घरं कितीही मोजली असली तरी.